कुर्ता ठरवून सारखा, खिसा न ठरवता

‘मी परळला राहते, ताई लग्नानंतर डोंबिवलीला गेली. पाडव्यासाठी आम्ही दोघींनी मंगलदास मार्केटातून वांगी रंगाच्या खणाचं एकाच ताग्यातलं पाच मीटर कापड घेतलं, अर्धं-अर्धं केलं आणि आपापल्या शिंप्याकडून कुर्ते शिवून घेतले. गिरगावच्या शोभायात्रेत भेटलो तेव्हा कळलं, दोघींनीही एकमेकींना न सांगता उजवीकडे खिसा लावून घेतलाय! फोटो तीन आहेत: एक नुसता उभ्याने, एक ढोल पथकासमोर, एक खिशात हात घालून. कॅप्शनसाठी शोधाशोध केली तर सगळीकडे ‘ट्विनिंग अँड विनिंग’. मराठीत लिहायला बसले की ‘सेम टू सेम’च्या पुढे गाडी जात नाही. ताई म्हणते कोलॅब पोस्ट कर. शिवाय ऑफिसच्या मैत्रिणीबरोबर नवरात्रात रोज सारख्या रंगाचा फोटो असतो, एकमेकींचे झुमके घालून. तिथे काय लिहायचं तेही सांगा.’
— एक वाचक, परळ

तुमची ओळ तुम्ही पत्रात लिहून टाकली आहे. ती खिशात आहे.

सारख्या कपड्यांच्या फोटोची एक अडचण असते, जी साध्या फोटोला नसते. पाहणाऱ्याला जी मुख्य गोष्ट सांगायची, ती कपडेच सांगून मोकळे होतात. दोन बाया, एक रंग, एकच काठ. नजर पडताक्षणी कळतं. मग त्याखाली ‘ट्विनिंग’ लिहा नाहीतर ‘सेम टू सेम’, वाचणाऱ्याला नवं काहीच मिळत नाही आणि बोट पुढे सरकतं. नेटवरच्या तयार ओळी फिक्या वाटतात त्या यामुळेच. त्या कुठल्याही दोघांना, कुठल्याही कापडात चालतात. ‘ट्विनिंग अँड विनिंग’ तर नुसत्या यमकावर उभी आहे. मराठीत आणली की यमक जातं आणि ‘जुळलो आणि जिंकलो’ असं काहीतरी उरतं, जे कुणी कधी बोलत नाही. तेव्हा ती ओळ मराठीत करण्याच्या फंदात पडू नका.

त्यापेक्षा एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे फोटोत दिसतं ते सगळं लिहा: कुर्ते सारखे, रंग वांगी, पाडवा आहे, गिरगाव आहे, दोघी खूश आहेत. उजवीकडे फोटोत दिसत नाही ते लिहा. तुमच्या पत्रावरून ही यादी अशी होते: कापड एकाच ताग्यातलं, शिंपी दोन, ताई डोंबिवलीहून आली, खिशाबद्दल आपसांत एक शब्दही झाला नव्हता. आता डावी बाजू खोडून टाका. कॅप्शन उजव्या बाजूतूनच येतं.

उजव्या बाजूतही सगळं सारख्याच वजनाचं नसतं. तिथे आणखी एक चाळण लावा: यातलं काय ठरवून झालं आणि काय न ठरवता? ताग्यातलं कापड ठरवून घेतलं. कुर्ताच शिवायचा हेही ठरलेलं असणार. खिसा मात्र कुणी ठरवला नव्हता. सारखे कपडे कुणीही दोन माणसं पैसे देऊन घालू शकतात. न सांगता सारखंच सुचणं हे एका घरात वाढल्याशिवाय होत नाही, आणि फोटो पाहणाऱ्याला हसू येईल ते तिथेच. म्हणून ओळ खिशाची.

आता ती ओळ बांधायची कशी ते पाहू. पहिला खर्डा साधारण असा येतो: ‘आम्ही दोघींनी एकमेकींना न सांगता कुर्त्याला खिसा लावून घेतला.’ खरं आहे, पण ही बातमी झाली. यातलं जे लोकांना दिसतंय ते गाळा आणि ठरवलेलं व न ठरवलेलं हे दोन तुकडे समोरासमोर ठेवा:

‘कुर्ता ठरवून सारखा, खिसा न ठरवता.’

मराठीत क्रियापद गाळून वाक्य उभं राहतं, ही आपली मोठी सोय आहे. कॅप्शनमध्ये ती जरूर वापरा. क्रम मात्र बदलू नका. ‘खिसा न ठरवता सारखा, कुर्ता ठरवून’ असं केलं की गंमत आधी संपते आणि शेवटी उरतो कुर्ता, जो लोकांनी आधीच पाहिलाय. नवी गोष्ट नेहमी शेवटी. दुसरं असं की ‘सारखा’ हा शब्द इथे एकदाच आलाय आणि दोन्हीकडे लागू पडतोय, कारण कुर्ता आणि खिसा दोन्ही ‘तो’ आहेत. खिशाऐवजी ओढणी असती तर हे जमलं नसतं. मग ‘कुर्ते ठरवून, पण ओढणीही सारखी निघाली’ अशी वेगळी बांधणी करावी लागली असती. कुणाची ओळ उसनी घेऊन त्यातली वस्तू बदलताना नेमकं इथेच वाक्य लंगडं होतं.

ही ओळ ठरली की फोटोही ठरतो. तिसरा, खिशात हात घातलेला. पहिल्या फोटोखाली ही ओळ टाकली तर लोक खिसा शोधत बसतील, कारण शिवणीतला खिसा हात आत असल्याशिवाय दिसत नाही. ढोल पथकाचा फोटो दुसऱ्या नंबरवर ठेवा, आणि पहिला ठेवायचाच असेल तर सगळ्यात शेवटी.

इन्स्टाग्रामवर फीडमध्ये कॅप्शन पूर्ण दिसत नाही. सुरुवातीचा तुकडा दिसतो आणि पुढे more येतं. शिवाय पहिल्या ओळीची सुरुवात तुमच्या अकाउंटच्या नावाने होते, म्हणजे नाव लांब असेल तर तितकी जागा आधीच गेली. म्हणून ‘गुढीपाडव्याच्या सर्वांना हार्दिक शुभेच्छा’ हे वाक्य डोक्यावर घेऊ नका. पाडव्याच्या दिवशी ते प्रत्येक पोस्टवर असतं आणि तुमची खरी ओळ त्यामागे दडते. आधी खिसा, मग एक ओळ मोकळी, मग उरलेलं:

‘कुर्ता ठरवून सारखा, खिसा न ठरवता.

ताग्यातलं पाच मीटर कापड, एक शिंपी परळचा, एक डोंबिवलीचा. थोरली पाडव्याला फडके रोड सोडून गिरगावात आली तेव्हा कळलं.

पाडव्याच्या शुभेच्छा!’

फडके रोडचा उल्लेख मुद्दाम ठेवलाय. पाडव्याच्या शोभायात्रेची सुरुवात डोंबिवलीची, आणि सणाच्या सकाळी नटूनथटून फडके रोडवर जमायचं ही तिथली जुनी सवय. डोंबिवलीकर पाडव्याला डोंबिवली सोडून येते म्हणजे काय, हे सेंट्रल लाइनवरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘माझ्यासाठी इतक्या लांबून आली’ असं लिहिलं असतं तर ते कुठल्याही बहिणीला लागू पडलं असतं. रस्त्याचं नाव घेतलं की ती तुमचीच ताई होते.

वरच्या मजकुरात ‘मी’, ‘माझी’ आणि ‘ताई’ हे तिन्ही शब्द नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते कोलॅबमुळे.

कोलॅब पोस्टमध्ये पोस्ट एकच असते. फोटो टॅग करण्याच्या पायरीवर Invite collaborators मधून ताईला निमंत्रण जातं. तिने ते स्वीकारलं की तीच पोस्ट तिच्याही प्रोफाइलवर दिसते, वर दोघींची नावं येतात, लाइक आणि कमेंट एकत्र जमतात. कॅप्शनही एकच, तुम्ही लिहिलेलं. आता कल्पना करा, त्यात ‘माझी ताई’ लिहिलंय. ताईच्या सासरचं कुणी तिच्या प्रोफाइलवर गेलं की त्यांना दोन नावं आणि खाली ‘माझी ताई’ दिसणार. कुणाची ताई? ताईला मोठी बहीण आहे का? ‘मी’चंही तेच: दोन नावांखाली ‘मी’ कोण ते कळत नाही. म्हणून कोलॅबला ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ हे शब्द घ्या. ते दोघींच्याही भिंतीवर खरे ठरतात. ‘आम्ही दोघी’ही चालतं. ताईने निमंत्रण स्वीकारलं नाही तोवर पोस्ट फक्त तुमच्याकडेच दिसत राहील, त्यामुळे टाकल्या टाकल्या तिला फोन करा. आणि ओळीत काही चुकलं तर दुरुस्ती तुम्हालाच करावी लागेल, तिला ती करता येत नाही. म्हणून पाठवण्याआधी मजकूर तिला एकदा वाचायला द्या. फोटोत दोघी आहेत, ओळही दोघींच्या नावावर जाणार आहे.

कोलॅब न करता तुमच्या एकटीच्या अकाउंटवर टाकायचं असेल, समजा ताईच्या वाढदिवसाला, तर मग एक वेगळा दरवाजा उघडतो. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजी ओळींत दोन्हींना एकच शब्द असल्याने हा फरक तिथे करताच येत नाही. ‘आम्ही दोघी’ म्हटलं की तुम्ही आणि ताई एका बाजूला, बघणारे समोर. तुम्ही लोकांना सांगताय. ‘आपण दोघी’ म्हटलं की तुम्ही ताईकडे वळलात आणि लोक बाजूला उभे राहून ऐकतायत. वाढदिवसाला दुसरं जास्त गोड लागतं:

‘ताई, खिशाबद्दल आपण कधी बोललोच नव्हतो.’

हीच गोष्ट ‘आम्ही’ने सांगितली की किस्सा होतो, ‘आपण’ने सांगितली की पत्र होतं. दोन्ही चांगलं. चूक होते ती एकाच कॅप्शनमध्ये दोन्ही आल्यावर: ‘ताई, आपण दोघी नेहमीच अशा. आम्हाला लहानपणापासून सगळे जुळ्या समजायचे.’ पहिल्या वाक्यात ताईशी बोलणं चाललंय, दुसऱ्यात तिच्याकडे पाठ फिरली. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण खटकतं. लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचा आणि आपण कुणाच्या तोंडाकडे बघून बोलतोय ते ठरवा. ताईशी बोलत असाल तर तिला रोज जशी हाक मारता तशीच मारा. घरात ‘ए ताई, तू’ असेल तर कॅप्शनमध्ये ‘तुम्ही’ आणि ‘ताईसाहेब’ नको.

म्हणींकडे वळण्याचा मोह होईल, कारण जोडीसाठी मराठीत म्हणी भरपूर आहेत. पण त्यातल्या बऱ्याच सरळ नाहीत. ‘एका माळेचे मणी’ ऐकायला गोड वाटतं, पण आपण ते बहुतेक वेळा ‘सगळे सारखेच बेकार’ या अर्थाने म्हणतो. ‘चोर चोर मावसभाऊ’ मावसभावाबरोबरच्या फोटोला हमखास चालतं, सख्ख्या बहिणीला नाही. ‘उडदामाजी काळे गोरे’ तर अजिबात नको. त्यात एक चांगला आणि एक वाईट असं निघतं, वर काळं-गोरं येतं ते वेगळंच.

कामाची म्हण एकच, आणि ती अशा फोटोसाठीच असल्यासारखी आहे: ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ वाण म्हणजे रंग. म्हणीत रंग लागत नाही, गुण लागतो. तुमच्या फोटोत उलटं झालंय, रंगही लागलाय. त्यामुळे अख्खी म्हण लिहायची गरज नाही, शेवटचा तुकडा फिरवला की वाचणारा उरलेली मनात पुरी करतो:

‘गुण आधीच लागला होता, पाडव्याला वाणही लागला.’

ओळ छान आहे, पण दोन ठिकाणी जपा. म्हणीत ढवळ्या-पवळ्या हे बैल आहेत आणि लागलेला गुण बहुधा वाईट असतो. भावंडांत किंवा घट्ट मैत्रीत ते हसून जातं, ताईच्या सासूबाईही पोस्ट बघणार असतील तर विचार करा. दुसरं जास्त महत्त्वाचं. ‘वाण’ हा शब्द कातडीच्या रंगालाही वापरतात. दोघींपैकी एक उजळ आणि एक सावळी असेल, तर ‘वाणही लागला’ हे तिथे जाऊन लागू शकतं. तशी शंका असेल तर ‘कापडाचा वाण’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर ही ओळ सोडून द्या.

हे फक्त म्हणीपुरतं नाही. सारखे कपडे घातले की बघणारा नकळत तुलना करतो: कोण उंच, कोण जाड, कोण गोरी. एकच कापड दोन अंगांवर असल्यामुळे उरलेला फरक अंगाचाच दिसतो. कॅप्शनने तिकडे बोट दाखवायचं नाही, गमतीतही नाही. ‘एक लार्ज, एक स्मॉल’ अशी ओळ लिहिणारीला हलकी वाटते, जिच्यावर आहे ती मात्र कमेंट वाचत बसते. फरक सांगायचाच असेल तर शिवणीत सांगा, सवयीत सांगा, स्टेशनात सांगा. ताईची बाही कोपरापर्यंत आणि तुमची मनगटापर्यंत असेल तर ‘कापड एक, बाह्या आपापल्या मर्जीच्या’ ही चांगली ओळ आहे. त्यात कुणाचं अंग येत नाही आणि दोघी दोन माणसं आहेत हेही राहतं.

रंगाचं नाव ओळीत घालण्याआधी फोटो नीट बघा. फोनच्या कॅमेऱ्यात वांगी आणि जांभळे रंग बऱ्याचदा निळसर येतात, सावलीत जास्तच. खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असेल, तर कोन बदलला की रंगही बदलतो. म्हणजे एक उन्हात आणि एक मांडवाच्या सावलीत उभी असेल, तर एकाच ताग्यातलं कापड दोन रंगांचं दिसेल. त्याखाली ‘सेम टू सेम’ लिहिलं की पहिली कमेंट येणार, ‘रंग वेगळाय की गं.’ खिशाच्या ओळीला हा धोका नाही, कारण ती रंगाबद्दल काही म्हणतच नाही. रंगाचं नाव घेणारच असाल तर दुकानात ऐकलं ते घ्या: वांगी, डाळिंबी, मोरपंखी, अबोली. ‘पर्पल’पेक्षा ‘वांगी’ डोळ्यासमोर पटकन उभा राहतो, आणि फोटोत निळसर आला असला तरी खरा रंग कोणता होता ते कळतं.

व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हाच फोटो टाकाल, तेव्हा फक्त पहिली ओळ ठेवा. तिथे कॅप्शन फोटोच्या खालच्या भागावर चढतं, आणि कुर्त्याचा काठ नेमका तिथेच असतो. उभ्या फोटोत पायांखाली थोडी जमीन सोडून कापलंत तर काठ मोकळा राहतो.

टायपिंगची एक चूक या विषयात फार दिसते: ‘जुळया’, ‘सारखया’. बरोबर रूप ‘जुळ्या’ आणि ‘सारख्या’. मधला पायमोड राहून गेला की असं होतं, आणि नेमके हेच दोन शब्द अशा फोटोखाली सगळ्यात जास्त येतात. कुणी भावाबरोबरच्या फोटोसाठी तुमची ओळ मागितली, तर शेवट बदलायला सांगा. दोघी बहिणी ‘सारख्या’, दोघे भाऊ ‘सारखे’, भाऊ-बहीण असतील तर ‘दोघं सारखी’. ‘जुळ्या बहिणी’, ‘जुळे भाऊ’, ‘जुळी भावंडं’. आणि जुळ्यांसाठी आपला एक जुना, नादाचा शब्द आहे, ‘आवळीजावळी’. आजीच्या तोंडी तो अजून असतो. दोन-तीन वर्षांचं अंतर असलेल्या भावंडांच्या फोटोला ‘तीन वर्षांच्या अंतराची आवळीजावळी’ फार शोभतं; तुमच्यात आणि ताईत जितकं अंतर असेल तितकं घाला. सशाचे कान लावून नाचणाऱ्या दोघींची इमोजी अशा फोटोखाली सगळे टाकतात. ती फोनवर बारीक दिसते म्हणून कुणी नीट बघत नाही. शोभायात्रेच्या फोटोला ती जात नाही. त्या जागी काहीच नसलं तरी बिघडत नाही.

मैत्रिणीच्या फोटोचा हिशेब वेगळा आहे. नवरात्रात मुंबईत सारखा रंग ही दोघींची गोष्टच उरत नाही. रोजचा रंग पेपरात छापून येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, आणि सकाळच्या लोकलचा लेडीज डबा एका रंगाचा होतो. फलाटावर काढलेल्या फोटोत तुमच्या मागे आणखी पाच-सहा बायका त्याच रंगात असतील. अशा फोटोखाली ‘ट्विनिंग’ म्हणजे पावसाळ्यात ‘आमच्याकडे पाऊस’ म्हणण्यासारखं. रंग डाव्या बाजूला गेला, खोडला. उजवीकडे काय उरलं? तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेले झुमके. ते अख्ख्या डब्यात फक्त तुम्हा दोघींचे एकमेकींकडे आहेत.

‘रंग अख्ख्या डब्याचा, झुमके एकाच डबीतले.’

डबा आणि डबी या दोन शब्दांवर ही ओळ उभी आहे, त्यामुळे ‘ट्रेन’ किंवा ‘बॉक्स’ असं काही बदलू नका, ओळ पडेल. आणि झुमके खरंच एका डबीत राहत असतील तरच वापरा. तुमच्याकडे असलेला जोड तिचा आणि तिच्याकडे असलेला तुमचा, एवढंच असेल तर ‘रंग अख्ख्या डब्याचा, झुमके एकमेकींचे’ हे जास्त खरं. शब्दखेळ थोडा कमी होतो, पण जिला ठाऊक आहे ती मैत्रीण चुकीची ओळ वाचून ‘कुठली डबी?’ विचारणार नाही. इथेही ‘आपण’ की ‘आम्ही’ ते आधी ठरवा, आणि मैत्रिणीला ऑफिसात ज्या नावाने हाक मारता तेच ठेवा. ‘बेस्टी’ एरवी म्हणत नसाल तर इथेही नको.

नऊ दिवस नऊ फोटो म्हणजे नऊ वेगळ्या ओळी शोधायला बसू नका, चौथ्या दिवशी दम संपेल. एक साचा धरा आणि त्यात रोज एकच खरी गोष्ट बदला. पहिला अर्धा भाग कायम ‘रंग अख्ख्या डब्याचा’, दुसरा त्या दिवसाचा. एखाद्या दिवशी गर्दीत ओढणी अडकली, एखाद्या दिवशी एकीची गाडी चुकली आणि दुसरी फलाटावर थांबली:

‘रंग अख्ख्या डब्याचा. थांबली मात्र एकच.’

पहिले दोन दिवस लोक नुसतं वाचतील. तिसऱ्या दिवसापासून पहिला अर्धा भाग त्यांना पाठ असेल आणि ते दुसऱ्या अर्ध्यासाठी थांबतील. म्हणून साचा मध्येच मोडू नका, एखादा दिवस काहीच घडलं नाही तर त्या दिवशी फोटो स्टेटसला टाका आणि पोस्ट राहू द्या. साचा मोडायचा तो नवव्या दिवशी, जाणूनबुजून, रंग बाजूला ठेवून:

‘नऊ रंग झाले. झुमके अजून परत केलेले नाहीत.’